धोक्यातली बॅच सगळ्यात लांबच्या तारखेची

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध भांडारात नवा खोका आला की तो कुठे ठेवायचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. किराणा दुकानदार नवं पोतं मागे सरकवतो आणि जुनं पुढे ओढतो. आधी आलं ते आधी विकायचं, एवढा नियम त्याला पुरतो. औषधांच्या बाबतीत हाच नियम फसवा ठरतो, कारण औषध कधी आलं आणि त्याची मुदत कधी संपणार, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. सप्टेंबरपासून फळीवर असलेल्या खोक्यावर पुढच्या ऑक्टोबरची एक्स्पायरी असते आणि जिल्हा भांडारातून डिसेंबरात आलेल्या खोक्यावर एप्रिलची. शेजारच्या केंद्रात पडून राहिलेला साठा वळता होऊन आला असेल, तर हे हमखास घडतं.

म्हणून औषधांसाठी वेगळा नियम आहे. ज्याची मुदत आधी संपणार, ते आधी द्यायचं. साठा सांभाळणाऱ्यांच्या भाषेत याला ‘फेफो’ म्हणतात, फर्स्ट एक्स्पायरी फर्स्ट आउट. नियम ऐकायला एका ओळीचा आहे, पण पाळायचा तर केंद्रात काय काय आहे याची यादी बॅचनिहाय आणि तारखेनिहाय समोर हवी. घोळ सुरू होतो तो या यादीपासूनच.

जुन्या पद्धतीच्या साठा नोंदवहीत प्रत्येक औषधाला एक पान असतं. आवक, जावक, शिल्लक. ॲम्लोडिपिनच्या पानावर शेवटी ‘शिल्लक ३२,०००’ असं लिहिलेलं असतं आणि तपासणीला आलेला अधिकारी तेवढ्यावर समाधानी होतो. पण या बत्तीस हजारांत तीन वेगवेगळ्या बॅचच्या गोळ्या आहेत आणि तिघींच्या तारखा वेगळ्या आहेत, हे त्या आकड्यावरून कळत नाही. उपयोगी तक्त्यात औषधाला एक ओळ नसते, बॅचला एक ओळ असते. औषधाचं नाव, ताकद, बॅच नंबर, एक्स्पायरी, शिल्लक नग आणि खोका ज्या फळीवर आहे ती फळी, एवढे रकाने पुरतात. ओळी एक्स्पायरीच्या क्रमाने लावल्या की प्रत्येक औषधाची सगळ्यात वरची ओळ म्हणजे आज काउंटरवर द्यायची बॅच.

महाराष्ट्रातल्या सरकारी आरोग्य संस्थांत ‘ई-औषधी’ ही सीडॅकने तयार केलेली संगणक प्रणाली वापरली जाते. तिच्यात बॅच आणि एक्स्पायरी दोन्हींची नोंद होते. मग औषध निर्माण अधिकाऱ्याने वेगळा तक्ता कशाला ठेवायचा? कारण कुठल्याही साठा प्रणालीत भांडारातून माल बाहेर पडला की तो भांडाराच्या शिलकीतून वजा होतो. प्रत्यक्षात तो ओपीडीच्या काउंटरमागच्या कपाटात किंवा उपकेंद्राच्या टेबलाच्या खणात असतो. भांडारासाठी तो ‘दिलेला’ आणि पेशंटसाठी अजून न मिळालेला. मुदत संपलेल्या पट्ट्या बहुतेक वेळा अशाच जागी सापडतात. म्हणून तक्त्यात जागेचा रकाना हवा आणि काउंटर, लेबर रूम, ड्रेसिंग रूम, उपकेंद्र या प्रत्येक ठिकाणच्या नगांची त्यात वेगळी ओळ हवी.

आता तारखेकडे वळू. भारतात औषधाच्या वेष्टणावर एक्स्पायरी सहसा महिना आणि वर्ष एवढीच छापतात. ‘EXP 04/2026’ याचा अर्थ ते औषध एप्रिल २०२६ च्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे ३० तारखेपर्यंत चालतं. औषध नियमांत तसं स्पष्ट म्हटलेलं आहे. पण एक्सेलमध्ये महिना-वर्ष टाइप केलं की संगणक ते त्या महिन्याची १ तारीख म्हणून साठवतो. त्यामुळे तक्ता १ एप्रिललाच औषध मुदतबाह्य ठरवून मोकळा होतो आणि चांगल्या औषधाचा एक महिना फुकट जातो. त्याहून वाईट म्हणजे संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, तर ‘04/26’ टाइप केल्यावर तो त्याला चालू वर्षाची २६ एप्रिल समजतो. ‘04/27’ टाइप केलं तर एका वर्षाने लांब असलेली बॅच याच वर्षी संपणारी दिसू लागते. म्हणून वर्ष कायम चारही आकड्यांत लिहायचं आणि महिन्याचा शेवटचा दिवस सूत्राने काढायचा.

तिसरा सापळा सगळ्यात खोडकर आहे. काही वेळा तारीख तारीख म्हणून साठवली जातच नाही, ती नुसता मजकूर म्हणून बसते. मजकुराचा क्रम लावताना संगणक डावीकडचं अक्षर आधी बघतो. त्यामुळे ‘०१/२०२८’ ही ओळ ‘०४/२०२६’ च्या वर जाऊन बसते. यादी नीटनेटकी, क्रमाने लावलेली दिसते आणि नेमकी उलट बॅच आधी द्यायला सांगते. हे ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख रकान्यात आपोआप उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एक्स्पायरीच्या रकान्यात एखादी नोंद डाव्या कडेला दिसली की तिथे थांबायचं आणि ती पुन्हा टाइप करायची.

१ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालं आहे. त्या कोडात बॅच नंबर आणि एक्स्पायरीही असते. ही यादी बाजारातल्या जास्त खपणाऱ्या ब्रँडची आहे. यादीबाहेरच्या औषधांच्या तारखा मात्र भिंगातून बघून हातानेच टाइप कराव्या लागतात. चंदेरी फॉइलवर ठशाने उमटवलेली तारीख ट्यूबलाइटखाली वाचताना ३ आणि ८ यांत गल्लत होते, हे कुठलाही फार्मासिस्ट सांगेल. अशा वेळी खोक्यावरची छपाई आणि आतली पट्टी दोन्ही बघायच्या. पट्टी जे सांगते ते खरं धरायचं, कारण खोका पुन्हा वापरलेला असू शकतो.

कागदावरचा क्रम बरोबर असला, तरी हात फळीवर जातो आणि जे पुढे आहे ते उचलतो. गर्दीच्या दिवशी ओपीडीसमोर रांग असताना तक्ता उघडून बॅच नंबर जुळवायला कोणालाच वेळ नसतो. त्यामुळे फेफो पाळला जातो तो खरं तर खोके लावताना. माल आल्याच्या दिवशीच लांबच्या तारखेचे खोके मागे आणि जवळच्या तारखेचे पुढे लावायचे. एक्स्पायरी मार्करने मोठ्या अक्षरात समोरच्या बाजूला लिहायची. काउंटरवर एका औषधाची एका वेळी एकच बॅच उघडी ठेवायची. या शेवटच्या सवयीचा आणखी एक फायदा आहे. पट्टी कापून सुट्या गोळ्या देताना अनुभवी माणूस तारखेच्या विरुद्ध बाजूने कापतो, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर बॅच आणि एक्स्पायरी शाबूत राहते. त्याने दुकानाची सोय होते, पण पेशंटच्या हातात बिनतारखेच्या चार गोळ्या पडतात. ही पद्धत सर्रास चालते म्हणून ती बरोबर ठरत नाही. पाकिटावर तारीख लिहून द्यायला पाच सेकंद लागतात.

आता ते बत्तीस हजार उघडून बघू. समजा तारीख आहे १ जानेवारी २०२६. केंद्रात रक्तदाबाचे शंभर नियमित पेशंट आहेत. प्रत्येकाला ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी, म्हणजे महिन्याला साधारण ३,००० गोळ्या लागतात. साठ्यात तीन बॅच आहेत. पहिलीत ५,००० गोळ्या, मुदत एप्रिल २०२६ अखेर. दुसरीत १५,००० गोळ्या, ऑगस्ट अखेर. तिसरीत १२,००० गोळ्या, ऑक्टोबर अखेर.

बहुतेक ठिकाणी तक्त्याला रंग दिलेले असतात. तीन महिन्यांच्या आत संपणारी बॅच लाल, सहा महिन्यांच्या आत संपणारी पिवळी, बाकीच्या पांढऱ्या. या नियमाने आजच्या तक्त्यात एकच ओळ पिवळी होते, ती एप्रिलची. ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या ओळी पांढऱ्याशुभ्र राहतात. बघणारा म्हणतो, एप्रिलकडे लक्ष द्या, बाकी सगळं ठीक आहे.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. एप्रिलच्या पाच हजार गोळ्या दोन महिन्यांच्या आतच वाटून होतील, त्यांना काही धोका नाही. ऑगस्ट अखेरपर्यंत आठ महिने आहेत, तेवढ्यात २४,००० गोळ्या खपतील. पहिल्या दोन बॅच मिळून वीस हजार होतात, म्हणजे त्याही सुटल्या. आता ऑक्टोबर. दहा महिन्यांत ३०,००० गोळ्या खपतील आणि साठा आहे ३२,०००. फेफो काटेकोर पाळूनही दोन हजार गोळ्या उरणार आणि त्या सगळ्या लांबच्या तारखेच्या, पांढऱ्या ओळीतल्या असणार. आधीच्या दोन बॅच संपेपर्यंत तिसरीचा नंबरच लागत नाही, म्हणून तिची तारीख लांब असूनही तिला मिळणारा वेळ सगळ्यात कमी आहे.

अजून एक गोष्ट हिशेबात धरलेली नाही. रक्तदाबाच्या पेशंटला गोळी काउंटरवर खायची नसते. तो महिन्याच्या तीस गोळ्या घरी नेतो. २५ ऑक्टोबरला दिलेल्या पट्ट्यांची मुदत ३१ ऑक्टोबरला संपली, तर सात गोळ्या मुदतीत पोटात जातील आणि तेवीस मुदतीबाहेर. म्हणजे ऑक्टोबर अखेरची बॅच देण्याची खरी शेवटची तारीख ३० सप्टेंबर. प्रत्येक बॅचमागे एक महिना कापला की हिशेब असा बदलतो. पहिली बॅच मार्च अखेरपर्यंत द्यायची, तेवढ्या काळात ९,००० गोळ्या देता येतात, बॅच पाच हजारांची आहे. दुसरी जुलै अखेरपर्यंत, २१,००० देता येतात, पहिल्या दोन मिळून वीस हजार आहेत. जेमतेम, पण निभावतं. तिसरी सप्टेंबर अखेरपर्यंत, २७,००० देता येतात आणि एकूण साठा बत्तीस हजार. जादा गोळ्या दोन हजार नव्हे, पाच हजार निघाल्या. दहाच्या पट्टीने पाचशे पट्ट्या. शेवटच्या महिन्यात पंधरा-पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन काही वाचवता येतील, पण त्यासाठी म्हाताऱ्या पेशंटला वाडीवरून एक जादा खेप घालावी लागेल.

याच साठ्यात फेफो पाळलाच नाही तर काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. समजा ऑक्टोबरचे खोके पुढे होते आणि तेच आधी उघडले गेले. जानेवारी ते एप्रिल हे चार महिने त्या बारा हजारांवर गेले. तोवर एप्रिलच्या पाच हजार गोळ्या हात न लागता मुदतबाह्य झाल्या. मग ऑगस्टची बॅच काढली. मे, जून, जुलै मिळून त्यातल्या ९,००० दिल्या, ६,००० उरल्या. एकूण नुकसान अकरा हजार गोळ्यांचं. आणि नुकसान तेवढंच नाही. ऑगस्ट उजाडताना महिनाभर पुरेल अशी गोळी द्यायला केंद्रात काही शिल्लकच नाही. नीट क्रमाने दिल्या असत्या तर याच गोळ्या सप्टेंबर अखेरपर्यंत पुरल्या असत्या. एका कोपऱ्यात मुदतबाह्य औषधांची पेटी भरलेली आणि काउंटरवर ‘गोळ्या संपल्यात मावशी, पुढच्या आठवड्यात या’ असं उत्तर, हे दृश्य एकाच चुकीतून तयार होतं.

म्हणून तक्त्यातली खूण ‘मुदत संपायला किती दिवस उरले’ एवढंच विचारणारी नको. ‘त्या दिवशी किती नग उरतील’ हे तिने विचारायला हवं. त्यासाठी अवघड संगणकशास्त्र लागत नाही. औषधाचं नाव A रकान्यात, एक्स्पायरी C मध्ये, शिल्लक D मध्ये आणि महिन्याचा खप E मध्ये असेल, तर पुढच्या चार रकान्यांत ही सूत्रं पुरतात:

```
F2: =EOMONTH(C2,-1)
G2: =SUMIFS(D:D,A:A,A2,C:C,"<="&C2)
H2: =E2/30*MAX(0,F2-TODAY())
I2: =MAX(0,G2-H2)
```

पहिलं सूत्र देण्याची शेवटची तारीख काढतं, म्हणजे एक्स्पायरीच्या आधीच्या महिन्याचा अखेरचा दिवस. दुसरं, ही बॅच आणि हिच्याआधी संपणाऱ्या त्याच औषधाच्या सगळ्या बॅच यांची बेरीज करतं. तिसरं, त्या तारखेपर्यंत किती नग खपतील ते सांगतं. चौथ्यात जादा नग येतात. हा चौथा रकाना शून्याच्या वर गेला की ओळ लाल करायची, मग तारीख कितीही लांब असो. महिने मोजण्याऐवजी दिवस मोजल्यामुळे वरच्या हिशेबापेक्षा दोनशे गोळ्यांचा फरक पडेल, त्याने निर्णय बदलत नाही. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एखाद्या बॅचमध्ये जादा नग निघाले की ते तिच्यामागच्या बॅचच्या बेरजेतही मोजले जातात, म्हणून वरची ओळ निकाली काढल्यावरच खालच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. आणि औषधाचं नाव प्रत्येक ओळीत अक्षरशः एकसारखं हवं. एका ओळीत ‘ॲम्लोडिपिन ५’ आणि दुसरीत ‘ॲम्लो ५ एमजी’ लिहिलं, तर संगणक ती दोन औषधं समजतो आणि बेरीज होतच नाही.

जानेवारीत पाच हजार गोळ्या जादा आहेत हे कळलं, तर करायचं काय? तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या मान्यतेने त्या शेजारच्या केंद्राला वळत्या करायच्या. समजा त्या केंद्राला महिन्याला हजार गोळ्या लागतात आणि त्यांच्याकडे डिसेंबर अखेरच्या मुदतीच्या दोन हजार आहेत. ते ऑक्टोबरच्या पाच हजार आधी वाटतील, मेअखेर संपवतील आणि मग स्वतःच्या दोन हजार काढतील. कोणाचंच काही वाया जात नाही. हीच आठवण ऑगस्टअखेर झाली, तर ते केंद्र फार तर एक हजार घेऊ शकतं. बाकीच्यांसाठी दुसरं दार ठोठवायचं आणि तोवर सगळ्यांच्याच फळ्यांवर जवळच्या तारखांचा माल असतो. तीन महिन्यांवर लाल होणारी खूण या हिशेबात फार उशिरा जागी होते.

खासगी मेडिकल दुकानात हाच हिशेब वेगळ्या वाटेने जातो. तिथे शॉर्ट एक्स्पायरी माल स्टॉकिस्टकडे परत जातो आणि क्रेडिट नोट मिळते. पण परतीची मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी. त्यामुळे दुकानदाराच्या तक्त्यात देण्याच्या शेवटच्या तारखेशेजारी परत करण्याची शेवटची तारीख असलेली बरी.

या सगळ्या हिशेबाचा पाया म्हणजे महिन्याचा खप आणि तो आकडा नेहमी प्रामाणिक असतो असं नाही. सहसा मागच्या तीन महिन्यांची सरासरी घेतात. त्यातला एक महिना औषध संपलेलं असेल, तर त्या महिन्याचा खप शून्य दिसतो. पेशंट तेवढेच होते, गोळ्या नव्हत्या. तो शून्य सरासरीत धरला की खप कमी दिसतो, मागणी कमी जाते आणि पुढच्या महिन्यात औषध पुन्हा संपतं. असे महिने सरासरीतून वगळायचे. ओआरएससारख्या औषधांना तर तीन महिन्यांची सरासरी लावणंच चूक आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या खपावरून उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याच्या सुरुवातीचा अंदाज बांधला, तर ऐन जुलाबाच्या दिवसांत हात रिकामे राहतील. तिथे मागच्या वर्षीचे तेच महिने बघावे लागतात.

काही औषधांना खपाचा हिशेब लागूच होत नाही. सर्पदंशावरची लस, ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन ही औषधं वापरली गेली नाहीत तर उत्तमच, पण ती नसून चालत नाहीत. त्यांच्या ओळीत जादा नगांचा रकाना कायम भरलेलाच दिसणार आणि त्यावरून साठा कमी करणं ही जिवाशी गाठ आहे. अशा औषधांसाठी तारखेचीच खूण बरोबर. मुदतीला सहा-आठ महिने उरले की त्या कुप्या जास्त सर्पदंश येणाऱ्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला द्यायच्या आणि बदल्यात लांबच्या तारखेच्या घ्यायच्या. संख्या तीच राहते, तारीख पुढे जाते.

लसींच्या शीतपेटीत फेफोला आणखी एक अपवाद आहे आणि तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. लसीच्या कुपीवर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्यात एक चौकोन. सुरुवातीला चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असतो. कुपीला उष्णता लागत जाते तसतसा तो गडद होतो. वर्तुळाइतका गडद झाला की लस फेकायची, एक्स्पायरी काहीही असो. दोन कुप्यांपैकी एकीचा चौकोन जास्त गडद दिसत असेल, पण अजून वापरण्याजोगा असेल, तर तीच आधी द्यायची, जरी तिची छापील तारीख दुसरीच्या नंतरची असली तरी. प्रवासात किंवा वीज गेल्यावर तिने ऊन सोसलेलं आहे, हे कागदावरच्या तारखेला माहीत नसतं. तक्त्यात त्यासाठी एक साधा रकाना लागतो, चौकोनाच्या रंगाचा.

छापील तारीख बंद वेष्टणासाठीच खरी असते, हे काउंटरवर विसरलं जातं. पाणी घालून तयार केलेलं अमॉक्सिसिलिनचं ड्राय सिरप साधारण सात दिवसांत संपवावं लागतं. बहुतेक इन्सुलिनची वापरायला घेतलेली कुपी अठ्ठावीस दिवसांनंतर टाकून द्यायची असते. अशा बाटल्या उघडल्या की त्या तक्त्यातून कमी करायच्या आणि उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहायची.

इतकं करूनही काही माल मुदतबाह्य होतोच. औषध नियमांच्या ६५ व्या नियमानुसार परवानाधारक दुकानदाराला मुदत संपलेलं औषध विकता येत नाही आणि विक्रीच्या साठ्यात ठेवताही येत नाही. कंपनीकडे परत पाठवण्याची किंवा विल्हेवाटीची कार्यवाही सुरू असेल, तर ते वेगळ्या खोक्यात, वर ‘Not for sale’ असं ठळक लिहून ठेवण्याची सवलत आहे. रुग्णालयं आणि आरोग्य केंद्रांसाठी जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. त्यांत मुदतबाह्य औषधं पिवळ्या वर्गात मोडतात, ती साध्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. तक्त्यातही त्यांची ओळ पुसून टाकायची नसते. ती वेगळ्या पानावर हलवायची, नग आणि तारखेसह. वर्षाच्या शेवटी त्या पानावर एकच औषध वारंवार दिसलं, तर दोष फळीवरच्या क्रमात नसून मागणीपत्रात आहे. गरजेपेक्षा जास्त मागवलेलं औषध फेफोने वाचत नाही.

वाचकाला यातला एक भाग स्वतःलाच करता येण्यासारखा आहे. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा थायरॉइडच्या तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेताना काउंटरवरच पट्टी उलटून बघा. आजपासून तिसऱ्या महिन्याची अखेर काढा. छापील महिना त्याआधीचा असेल तर पट्टी परत करा आणि लांबच्या तारखेची मागा. सुट्या गोळ्या घेतल्या असतील तर पाकिटावर एक्स्पायरी लिहून घ्या.